टिकलीसमोरची ओळ

आमच्या कराडच्या स्टुडिओत लग्नाच्या कॅसेटींचं मिक्सिंग करायला कॉम्प्युटर आला तो नव्वदीच्या अगदी शेवटी, आणि आला तोच मुळी परक्या लिपीत. पुण्यातल्या कुठल्याशा व्यापाऱ्याने स्वस्तात गळ्यात मारला होता. चालू केला की पडदाभर चौकोनी, काड्याकाड्यांची अक्षरं. चिनी की जपानी, ते आम्हांला शेवटपर्यंत कळलं नाही. मी नवऱ्याला म्हटलं, परत करा. ते म्हणाले, "अक्षरं वाचून कुठं लग्न लावायचंय? चित्र दिसतंय ना?" आणि तंबाखू मळलेल्या त्याच बोटांनी त्यांनी माउस धरला. त्या माउसला हात लावायच्या आधी मी तो ओल्या फडक्याने पुसायचे. किळस यायची.

चित्रं कापायला, जोडायला लिपी लागत नव्हती. कात्रीचं चित्र म्हणजे कात्री. खरी गोची व्हायची शेवटी, तयार झालेलं काम फाइल म्हणून बाहेर काढताना. तेव्हा एक खिडकी उघडायची आणि तीत दोन याद्या. एकीत चित्राचा आकार. तिथले आकडे इंग्रजी होते, म्हणून निभावलं. आपल्याकडच्या सीडीला ३५२ बाय २८८ लागतो, हे चुकतमाकत कळलं. त्याआधी ह्यांनी सगळ्यांत मोठा आकडा निवडला होता. मोठं ते चांगलं, हा ह्यांचा हिशेब. अर्ध्यातच डिस्क भरली आणि मशीन अडून बसलं. मग २४० वाली ओळ निवडली, ती परदेशी टीव्हीची निघाली, त्यात नवरदेव उचक्या लागल्यासारखा चालायला लागला.

दुसरी यादी प्रकाराची. तीत बऱ्याच ओळी, आणि त्यांतल्या दोन ओळींच्या सुरुवातीला इंग्रजीत एमपेग हा एकच शब्द, पुढे दोन्हीकडे ती काड्यांची अक्षरं. वरच्या ओळीने चित्र आणि आवाज दोन्ही यायचं. खालच्या ओळीने नुसतं चित्र. मी दोन्ही ओळींनी छोटासा तुकडा काढून पाहिला होता आणि ह्यांना सांगितलं होतं, दर वेळी असा तुकडा काढून ऐकायचा, मगच सबंध काम लावायचं. ह्यांना एवढा उद्योग कशाला परवडतोय! माझ्या पाकिटातली लाल टिकली काढली आणि पडद्याच्या काचेवर वरच्या ओळीसमोर चिकटवून टाकली. म्हणाले, "झालं. आता टिकलीसमोर दाबायचं, बस्स." आल्यागेल्याला कौतुकाने दाखवायचे. मला माझ्याच टिकलीची शिसारी यायला लागली.

शिवाय काम करताना ह्यांचे स्पीकर कायम बंद. लग्नातला खरा आवाज काढून टाकायचा आणि सबंध कॅसेटभर सिनेमाची गाणी घालायची, हा धंद्याचा रिवाज. भटजींचे मंत्र गेले, मुलीच्या आईचे हुंदके गेले, वर कसलंतरी ढॅणढॅण. नवरी गुलाबाच्या पाकळीतून तरंगत येते आणि लोक खूश. तर आवाज ऐकायची गरज ह्यांना कधी वाटलीच नव्हती.

अशात कोयनानगरहून एक गृहस्थ आले. धरणावर नोकरी करून निवृत्त झालेले. वसाहतीच्या हॉलमध्ये झालेल्या त्यांच्या निरोप समारंभाचं शूटिंग आमचंच होतं, पण पुढे मिक्सिंग राहूनच गेलेलं. सोबत त्यांची बायको होती, पदर गळ्याशी घट्ट धरून. त्या समारंभात तिने दळणाच्या ओव्या म्हटल्या होत्या. नंतर तिच्या घशाचं ऑपरेशन झालं आणि आवाज कायमचा गेला.

"वैनी," ते मला म्हणाले, "बाकीची भाषणं टाका, न टाका. हिच्या ओव्या तेवढ्या ऱ्हाऊ द्या. दुसरीकडं कुटंच न्हाईत हो."

ती माझ्याकडे बघून हसली. मी कबूल केलं, आणि कॅसेट कॉम्प्युटरमध्ये मीच उतरवून घेतली. स्पीकर लावून ऐकली. आवाज जाडाभरडा होता, मधूनच खाली उतरायचा, पण जागच्या जागी बसणारा. भाषणं छाटली, ओव्यांना कात्री लावली नाही, तिथे गाणं घातलं नाही. फाइल काढायचं तेवढं राहिलं होतं आणि भावाच्या मुलाच्या बारशाला मला सांगलीला जावं लागलं. जाताना बजावून सांगितलं, "अहो, तुकडा काढून ऐका. स्पीकर लावून ऐका." ह्यांनी मान हलवली. तोंडात तंबाखू होती.

परत आले तेव्हा काम झालं होतं. कॅसेटही गेली होती. काम झालं की जुन्याच कॅसेटवर पुढचं लग्न भरायचं, हे सगळीकडेच चालायचं, आणि ही विट्याला सोनं-चांदी गाळणाऱ्या एका गलाईवाल्यांच्या घरच्या लग्नात भरून झाली होती. डिस्कवर जागा हवी म्हणून उतरवलेलंही पुसलं होतं. मी फाइल लावली. चित्र उत्तम. आवाज नाही. स्पीकरचं बटण फिरवलं, वायर काढून परत घातली, दुसरी फाइल लावली. दुसरीला आवाज होता.

मग ती खिडकी उघडली. मागचं चित्र झाकलं जातंय म्हणून ह्यांनी ती मी नसताना वर सरकवली होती, आणि मशीन ती नवी जागा लक्षात ठेवून तिथेच उघडत होतं. टिकली काचेवर, ती कशाला हलतेय! तिच्यासमोर आता खालची ओळ आली होती.

मी काय काय बोलले ते लिहीत नाही. हे शांतपणे म्हणाले, "एवढं काय त्यात? वर एखादं जात्यावरचं गाणं टाकून देऊ. ओठ हलताहेतच की." ज्या माणसासोबत मी जेवत होते, झोपत होते, त्याच्या जवळ उभं राहणंही नको वाटलं.

दुसऱ्या दिवशी दोघं आली. सीडी करायच्या आधी गिऱ्हाइकाला दाखवायची आमची पद्धत होती. हॉल दिसला, हार दिसले, आणि ती माइकसमोर उभी राहिली. गृहस्थ खुर्चीतून पुढे झुकले.

"आवाज वाडवा की जरा."

"स्पीकर बिघडलाय साहेब," आमचे हे म्हणाले.

"स्पीकर चांगला आहे," मी म्हणाले. "आवाज आलाच नाही. आणि आता येणारही नाही. मूळ कॅसेट ह्यांनी पुसली." हे माझ्याकडे डोळे वटारून बघत राहिले. मी नजर हलवली नाही.

पडद्यावर ती गात होती, मान एका लयीत हलत होती. गृहस्थ तिच्या ओठांकडे बघत तीच ओवी म्हणायला लागले, घोगऱ्या आवाजात, सूर सोडून, शब्द आठवत. तिला ऐकू यावं म्हणून की स्वतःला, कोण जाणे. तिने ओळभर ऐकलं. मग हात उचलून त्यांच्या तोंडावर ठेवला आणि पडद्याकडे बघत राहिली. चित्र संपेपर्यंत तिने तो हात काढला नाही.

संपलं तेव्हा आमच्या ह्यांनी घसा खाकरला.

"मग साहेब, सीडी एक काढू का दोन?"

गृहस्थांनी बायकोकडे पाहिलं. तिने दोन बोटं वर केली.