गाडी निघालीच नव्हती

आमच्या गोंदियाच्या तांदूळ धंद्यात 'गाडी निघाली' याचा अर्थ ड्रायव्हर अजून जेवून राहिला, असाही होतो. इथल्या माणसाला ते कळतं, पुण्याच्या गिऱ्हाइकाला कळत नाही. मला कळायला हवं होतं, पण सांगणारा माझा शाळेपासूनचा मित्र होता, मिलमधला माझा भागीदार. म्हणून मीही पुण्याच्या आमच्या गिऱ्हाईक बाईंना छातीठोकपणे कळवलं, "गाडी निघाली."

बाई पुण्यात लग्नांची जेवणं करायच्या. शुक्रवारच्या लग्नासाठी त्यांना आमचा जुना चिन्नोर तांदूळ हवा होता. नव्या तांदळाचा भात गिचका होतो. माल सोमवारी पोचायचा होता. सोमवारी सकाळी त्यांचा फोन आला आणि मी गोदामात गेलो, तर पोत्यांच्या थप्पीची जागा रिकामी. मित्राने माल जास्त भावाने रायपूरच्या व्यापाऱ्याला देऊन टाकला होता.

"मले काऊन नाही सांगतलं?" मी ओरडलो.

"अरे यार, लिहून दे ना, सडक अर्जुनीजवळ ट्रकच्या स्प्रिंगचा पाटा तुटला म्हणून. कोन पाहाले येते?"

मी कॉम्प्युटरसमोर बसलो. पाट्याचं वाक्य लिहिलं आणि खोडलं. ते पाहून मित्र फोन घेऊन बाहेर गेला. मग सरळ लिहिलं: गाडी निघालीच नव्हती. तुमच्यासाठी ठेवलेला माल दुसरीकडे गेला, चूक आमची आहे. तुम्हाला खात्री न करता कळवलं, त्याची माफी मागतो. जवळच्या कामठा गावातल्या एका मिलमध्ये तसाच जुना चिन्नोर मी स्वतः शिजवून पाहतो आहे. गाडी आज संध्याकाळी सुटेल, गुरुवारी सकाळी पोचेल. सुटल्यावर बिल्टीचा, म्हणजे ट्रान्सपोर्टच्या पावतीचा फोटो आणि ड्रायव्हरचा नंबर पाठवतो. उतरवण्याआधी भात शिजवून बघा, नाही पटला तर परतीचं भाडं आमचं. तुम्ही तिथेच पुण्यात माल घेतलात तर भावातला वरचा फरक आम्ही देऊ.

मित्राचं नाव कुठेच घातलं नाही. घरचं भांडण चव्हाट्यावर कशाला न्यायचं?

गुरुवारी दुपारी बाईंचा फोन आला. "भात मोकळा झाला. पुढची ऑर्डरही तुम्हालाच देते. पण एक विचारू? सोमवारी तुमचा मेल यायच्या आधीच तुमच्या भागीदारांचा फोन आला होता. गाडी ठरवायला तुम्ही विसरलात, असं म्हणाले. तुम्ही मात्र त्यांच्याबद्दल एक अक्षर लिहिलं नाही. यापुढे मी फक्त तुमच्याशी बोलेन."

मी फोन ठेवला. एवढ्यात मित्र चहा घेऊन आत आला. "काय मनते बाई? मानली?"

"मानली," मी म्हटलं. "तू सोमवारी तिले काय सांगतलं, तेबी सांगतलं तिनं."

तो हसला. "धंद्यात असं चालते रे. तुयावर ढकललं तर काय झालं? तू आपलाच आहेस ना."

परक्याने असं केलं असतं तर मी भांडलो असतो. त्याने आणलेला चहा तेवढा मी घेतला नाही. गिऱ्हाइकाचा विश्वास एका मेलने परत आला होता. माझा त्याच्यावरचा विश्वास परत आणायला त्याने मात्र कधी साधं 'चुकलं' म्हटलं नाही.