दिवा कोणासाठी होता

जीप निघायची वेळ झाली होती आणि आज्ज्याचं गाणं संपत नव्हतं. आपल्या गोरेगावच्या स्टँडवर, सगळ्यांसमोर. लग्न होऊन आठच दिवस झाले होते, नवरा भोसरीच्या कंपनीत होता म्हणून मी पुण्याला निघाले होते. तेव्हा आपला जिल्हा परभणी होता, हिंगोली नंतर झाला. दादा, तू माझी ट्रंक टपावर बांधत होतास आणि ड्रायव्हर हिंदीत ओरडत होता. आज्जा मात्र घोंगडी सावरत, डोळे मिटून आपला गातोय:

दिवा ठेवीते, उंबऱ्यात आता
उजळ राहो हा, तिचे पाय येता

आपल्या घरातली कोणतीही पोरगी सासरी निघाली की आज्जा हेच गायचा. आत्यांना गायला, ताईला गायला. मेंढरं वाड्यात घालतानाही हेच. दोनच ओळी. आपण पोरं चिडवायचो, की आज्ज्याच्या गाण्याला मुंडकंच न्हाई, निस्तं शेपूट हाय.

ते शेपूट कुठून आलं, हे त्यानं शंभरदा सांगितलेलं. निजामाचं राज्य होतं तेव्हा हिंगोलीत एक नाटक कंपनी तंबू ठोकून राहिली. आज्जा शेळ्यांचं दूध घालायला गेला आणि पडदा ओढायला ठेवून घेतला. एका मुक्कामापुरताच. एका अंकाच्या शेवटी बाईच्या वेषातला नट दिवा घेऊन यायचा आणि गायचा. पहिल्या दोन ओळींना आज्जा पार मागं असायचा, गॅसबत्त्या बारीक करायला, कारण रंगमंचावर अंधार पाहिजे. तिथून पळत येऊन दोर धरायचा तेव्हा तिसरी ओळ सुरू. चौथी संपली की दोर सोडायचा, धाडकन पडदा. म्हणून त्याला तिसरी-चौथीच ठाऊक. नाटकाचं नाव, गोष्ट काहीच त्याला धड कळलं नाही, सगळा वेळ बत्त्या आणि दोर.

जीप हलली तेव्हा तो खिडकीशी आला. "पुण्यात पुस्तकं लई असत्यात म्हणं. माझ्या गान्याचं आधीचं सापडतं का बघ. अर्धं गानं घिऊन मरावं वाटंना मला."

मी "व्हय" म्हणाले. निघताना माणूस कशालाही व्हय म्हणतो.

पुण्यात दोन वर्षं नुसती खोलीत बसले. शेजारणी माझं "काहून" ऐकून हसायच्या, तेव्हा मी "का" म्हणायला शिकले आणि तेही जोरात. मग शुक्रवार पेठेत एका बाइंडिंगच्या दुकानात शिवणीला लागले. वाचनालयांची फाटकी पुस्तकं यायची, ती उसवायची, पानं लावायची, दोऱ्यानं परत शिवायची. दहावी झालेली असल्यानं पानं लावायचं काम मालक माझ्याकडेच द्यायचे. त्यात जुनी संगीत नाटकंही असत. पदाच्या वर राग, ताल आणि 'चाल' छापलेली, म्हणजे हे पद कोणत्या जुन्या गाण्याच्या चालीवर म्हणायचं ते. शेवटी पदांची यादी, पहिल्या ओळीवरून लावलेली. मी वेड्यासारख्या याद्या चाळल्या. पहिली ओळच नाही तर यादीचा उपयोग काय, हे कळायला मला सहा महिने लागले. मूर्खपणाच.

एकदा गुणगुणत शिवत होते. दुकानात एक म्हातारे गृहस्थ आले होते, नाटकात पेटी वाजवलेले. म्हणाले, "बाई, ही दिंडी आहे. वारीतली नव्हे, वृत्त. ओळीत एकोणीस मात्रा, नवावर थांबायचं, मग दहा. मोजा." मी बोटांवर मोजल्या, बरोबर भरल्या. मग त्यांनी माझं सगळं अवसान घालवलं. "चालीवरून शोधू नका. शेकडो दिंड्या याच चालीत म्हणायचे. दिंडीला धृपद नसतं, चार ओळी म्हटल्या की संपली. बहुतेक याद्यांत तिला घेतही नाहीत. रेकॉर्डी निघाल्या त्या मोठ्या पदांच्या, हिची कोण काढणार. शब्द धरा आणि प्रसंग धरा. काय घडत होतं तेव्हा?"

मी सांगितलं. बाई, दिवा, उंबरा, अंधार, पडदा.

"पडदा पडतो ना? मग अंकाच्या शेवटच्या पानावर असणार. तेवढीच पानं बघा."

त्यानंतर हाताखालून गेलेल्या प्रत्येक संगीत नाटकाची मी तेवढीच पानं पाहिली. पहिल्या अंकाचं शेवटचं, दुसऱ्याचं, तिसऱ्याचं. काहींत नेमकं तेच पान गेलेलं असायचं. दोनदा दिवा सापडला, पण एकदा तो ओवाळायचा होता आणि दुसऱ्यांदा गाणारा पुरुष. अशी सात वर्षं गेली. वर्षातून एकदा गावी आले की आज्जा विचारायचा, "सापडलं?" मग विचारायचाही बंद झाला, निस्ता बघायचा. ते जास्त लागायचं.

सापडलं ते वाळवी लागलेल्या एका पुस्तकात. 'संगीत वनदीपिका', तिसऱ्या अंकाचं शेवटचं पान. वर कंसात छापलेलं: राणी दिवा घेऊन प्रवेश करते. खाली दिंडी.

नसे माघारी, मला वाट कोठे
दुजी कोणी ये, तिला दार मोठे

आणि मग आज्ज्याच्या दोन ओळी, अक्षरही इकडचं तिकडे नाही. खाली परत कंस: दिवा ठेवून वनात निघून जाते. पडदा.

 आपल्याला वाटायचं, माय दिवा ठेवते, गेलेल्या लेकीसाठी. खात्री करायला मी मागचा सगळा अंक वाचला. राजा दुसरं लग्न करणार असतो. दिवा ठेवणारीच घर सोडून जाते आहे, आणि तो येणाऱ्या दुसरीसाठी आहे. जाणारीसाठी तिथं काहीच नाही.

आज्ज्याला हे सांगू नये, असं मला वाटलं होतं. खोटं बोलत नाही, वाटलं होतं. पण इतकी वर्षं शोधलेलं पोटात राहीना. झेरॉक्स काढली आणि गावी आले. तुला आठवत असेल, तू शेतात होतास, वहिनीनं चहा केला आणि माझी पिशवी पाहुण्यांच्या खाटेवर ठेवली. मी अंथरुणाला लागलेल्या आज्ज्याजवळ बसून चारही ओळी म्हटल्या, मग गोष्ट सांगितली.

त्यानं छताकडे बघतच विचारलं, "मंग जानारी तीच का?"

"व्हय, आज्जा."

"अन् दिवा?"

"नवी येनार, तिच्यासाठी."

"मला वाटलं, लेकीसाठी हाय." एवढंच बोलला आणि कुशीवर वळला.

पुढच्या उन्हाळ्यात तुझी थोरली सासरी निघाली. जीप उभी होती, सगळे आज्ज्याकडे बघत होते. खाटेसकट त्याला दारात आणला होता तो त्याचसाठी. तो गायला नाही. तुम्ही म्हणालात, म्हातारा विसरला. दादा, तो काहीच विसरला नव्हता. त्यानं माझ्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली. पोरगी तशीच गेली, दोन ओळींवाचून. दिवाळीच्या आधी तोही गेला.

हे मी तुला इतक्या वर्षांनी लिहिते आहे, कारण वहिनी मला दर वेळी म्हणते, "ताई, आपलंच घर हाय, या की." तिचं मन मोठं आहे, तिच्यावर माझा राग नाही. पण ते घर तिचं आहे आणि तसंच असायला पाहिजे. पुण्यातली ही खोलीही माझी नाही, घरमालकाची आहे. माझं घर त्या दोन ओळींत होतं, कोणीतरी आपल्यासाठी दिवा ठेवला आहे या समजुतीत. त्या समजुतीवर आपल्या घरच्या किती पोरी न रडता जीपमध्ये बसल्या असतील. मी गाण्याचं मुंडकं शोधून आणलं आणि ती समजूत मेली. झेरॉक्स ट्रंकेत तळाशी आहे. तू पोरींना दाखवू नयेस म्हणून तुझ्याकडे पाठवत नाही.