निंबाच्या घरातली कुजबुज

लिंबायत वस्तीतला निंबा बारा तास कापडाच्या लूमच्या खडखडाटात काढायचा आणि घरी आला की घरानं चिडीचूप व्हावं, असा त्याचा हट्ट. हट्ट कसला, नाइलाज होता बिचाऱ्याचा. आठवड्यातले चार दिवस कपाळाला पट्टा आवळल्यासारखं डोकं दुखायचं. बायको छाया भांडंसुद्धा अलगद ठेवायची. दुसरीतली लेक पूजा तर कुजबुजतच बोलायची.

एक दिवस शाळेच्या बाईंनी छायाला बोलावलं. म्हणाल्या, "पोरगी वर्गातही कुजबुजते. मोठ्यानं वाचतच नाही." छायानं घरी येऊन हे निंबाला सांगितलं. माझ्यापायी पोरीचा आवाज गेला, हे त्याला काही केल्या सहन होईना.

दुसऱ्या दिवशी तो दवाखान्यात गेला. डॉक्टर उज्ज्वलाबाईंनी डोळे, रक्तदाब, सगळं नीट तपासलं. "धोक्याचं काही दिसत नाही. पण दुखलं की दरवेळी डोकेदुखीची गोळी घेता ना? सारख्या गोळ्यांनीही डोकं दुखतं. आठवड्यात दोन दिवसांपेक्षा जास्त घेऊ नका. एकदम भयंकर दुखलं, हातपाय लुळे पडले, तर मात्र लगेच या."

मग त्यांनी ध्यान सांगितलं. दहा मिनिटं आरामात बसायचं, श्वास येतो-जातो तिकडे लक्ष ठेवायचं. मन भटकलं की न चिडता परत आणायचं. दुखलं तर कुठं, कसं, तेही बघायचं.

"दुखणं जाईल?"

"खोटं कशाला सांगू? परदेशात जुनाट दुखणं असलेल्या लोकांवर अभ्यास झालेत, बऱ्याच जणांना त्रास कमी वाटला. डोकेदुखीवरचे अभ्यास अजून थोडे अन् लहान आहेत. दुखायचे दिवस कमी होतीलच असं नाही. पण दुखण्याशी झगडा कमी होऊ शकतो."

निंबा बसू लागला खरा, पण कसा? रेडिओ बंद, स्टो बंद, आणि छाया पूजाला घेऊन दाराबाहेर! घर आधीपेक्षा मुकं झालं. महिन्यानं डॉक्टरबाईंनी हे ऐकलं तेव्हा त्यांना हसूच आलं.

"अहो, शांतता कोणी मागितली? आवाज आला तर ऐकायचा, मग परत श्वासाकडे. घर चालू ठेवून बसा."

त्या संध्याकाळी तो भिंतीला टेकून बसला. स्टो फरफरत होता. कपाळात ठणका होता. लक्ष दहादा तिकडे गेलं, दहादा त्यानं परत आणलं. राग येत होता, तोही कळत होता. कोपऱ्यात पूजा पुस्तक तोंडाशी धरून कुजबुजत होती.

"पूजा, मोठ्यानं वाच."

पोरीनं आधी आईकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. "बाबा, डोकं नई दुखस का?"

"दुखस ना, माय. तू वाच."

पहिली ओळ दबकतच आली. तिसऱ्या ओळीला शेजारच्या सरलाबाई दारात येऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "अगंबाई, हा पूजाचा आवाज?"