साहेब पास झाले त्याची गोष्ट

तिला ऑफिसात सगळे शंकाताई म्हणतात. तोंडावर ‘ताई’ आणि पाठीमागे पूर्ण नाव. तिला दोन्ही ऐकू येतं.

यंत्र चालवणाऱ्यांना परवाना देणारं हे ऑफिस. परवान्याआधी लेखी परीक्षा असते, आणि तिचा प्रश्नसंच छापायला जाण्याआधी शंकाताईच्या टेबलावर येतो. प्रश्नाचे दोन अर्थ निघतात का, नकारावर नकार चढलाय का, प्रश्नच उत्तराकडे बोट दाखवतोय का, हे तिनं पाहायचं आणि शेवटच्या पानावर ‘तपासले’ म्हणून सही करायची. ती सही नसेल तर छपाई होत नाही. ऐकायला हे मोठं मानाचं काम वाटतं. प्रत्यक्षात लोक तिच्याकडे जेवणात खडा सापडावा तसं बघतात.

घरीही तीच गत. नवरा विचारतो, “चहा नकोय ना तुला?” ती म्हणते, “हो.” मग तो बिचारा हातात पातेलं घेऊन उभा राहतो. “हो म्हणजे हवाय, का हो म्हणजे नकोय?” ती म्हणते, “प्रश्न नीट विचारला असतास तर एव्हाना पिऊन झाला असता.” अशा बाईशी कोण संसार करणार, असं तो शेजाऱ्यांना सांगतो. करतो मात्र गुमान.

तर त्या दिवशी क्रेनचालकांचा संच आला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी तो छापखान्यात जायचा होता, म्हणजे नेहमीप्रमाणे घोडं वेशीपाशी आल्यावर खोगीर शोधायची वेळ. संच काढला होता उस्तादांनी. उस्ताद म्हणजे क्रेन चालवण्यात आणि शिकवण्यात ज्यांचं अख्खं आयुष्य गेलं असे गृहस्थ. त्यांच्या क्रेनच्या ज्ञानाबद्दल तिला तिळमात्र शंका नव्हती. त्यांच्या वाक्यांबद्दल होती.

शंकाताईची कामाची एक रीत होती. विषय आपला नसेल, तर उत्तरसूची बाजूला पालथी ठेवायची आणि पेपर स्वतः सोडवायचा. काही येत नसताना. तिला क्रेनमधलं एवढंच माहीत, की ती उंच असते. अशा माणसाला चाळिसात दहाच्या आसपास गुण पडायला हवेत, कारण प्रत्येक प्रश्नाला चार पर्याय. पण शेवटी गुण मोजले तेव्हा ती पास झाली होती.

तिला आनंद झाला नाही. तिचा धाकटा भाऊ एका बांधकामावर लोखंडी सळ्यांच्या मोळ्या क्रेनच्या आकड्याला अडकवायचं काम करतो. मोळी वर जाते तेव्हा हा खाली असतो. आपल्यासारखी कोणीतरी वर खुर्चीत बसलीय आणि आपला भाऊ खाली मान वर करून बघतोय, हे चित्र तिच्या डोळ्यांसमोरून हलेना. ती संच घेऊन साहेबांच्या खोलीत गेली. उस्ताद तिथेच होते.

“झाली सही?” साहेब म्हणाले.

“नाही.”

साहेबांनी उस्तादांकडे पाहिलं. मी म्हटलं नव्हतं का, असं ते बघणं होतं. उस्तादांनी खुर्ची पुढे ओढली.

“बाई, काय चुकलंय? क्रेनचं काही चुकलंय?”

“क्रेनचं मला काय कळतंय. हा सतरावा प्रश्न बघा. ‘बूम जास्त असताना क्रेनची भार उचलण्याची क्षमता काय होते?’ बूम म्हणजे क्रेनचा लांब हात ना? मग जास्त काय? लांबी जास्त, का तो हात जास्त उभा?”

“लांबी. अर्थात लांबी. लांबी वाढली की क्षमता घटते.”

“आणि हात जास्त उभा केला तर?”

उस्तादांनी स्वतःचा हात हवेत उभा धरून पाहिला. “मग भार जवळ येतो. क्षमता वाढते.”

“म्हणजे पर्याय अ पण बरोबर आणि पर्याय ब पण बरोबर.”

“अहो, चालकाला कळतं मला काय म्हणायचंय ते.”

“कसं कळतं? तुम्ही परीक्षेच्या हॉलमध्ये प्रत्येकाच्या बाकाशी उभे राहणार का?”

साहेबांनी घसा खाकरला. “ठीक आहे, लांबी घाला. झालं? करा सही.”

“हा बाविसावा. ‘खालीलपैकी कोणत्या स्थितीत भार न उचलणे योग्य नाही?’”

उस्ताद खूश झाले. “हा मुद्दाम घातलाय. लक्ष आहे का नाही ते कळतं याच्यात.”

“सांगा उत्तर.”

“उत्तर सूचीत आहे.”

“सूची माझ्याकडे आहे. तुम्ही सांगा.”

उस्तादांनी प्रश्न वाचला. ओठ हलले. एक बोट उभं केलं, मग दुसरं. “क. नाही, थांबा. न उचलणे योग्य नाही, म्हणजे उचलायला पाहिजे… मग अ. चष्मा बदलायला झालाय माझा.”

“सूचीत क आहे.”

उस्ताद म्हणाले, “टाइप करणाऱ्याची चूक.” म्हणाले खरे, पण पान सोडेनात. अखेर पेन मागितलं आणि स्वतः लिहिलं, ‘कोणत्या स्थितीत भार उचलावा?’ वर पुटपुटले, “एवढं सोपं केल्यावर परीक्षा कसली.”

“क्रेनची,” ती म्हणाली. “कोडी सोडवायला लोक दुसरीकडे जातात.”

इथवर ठीक होतं. खरा गुंता तिसऱ्या गोष्टीत होता, आणि ती गोष्ट पटवून देता देता तिच्या तोंडाला फेस आला. आपण काही येत नसताना पास झालो, हे तिनं सांगितलं. दोघंही हसले.

“ताई,” साहेब म्हणाले, “तुम्ही इतकी वर्षं पेपर वाचताय. बॉयलरचे, लिफ्टचे, वायरिंगचे. दगडाला पाणी लागलं तरी झिजतो. तुम्हाला थोडंफार येतच असणार.”

“मला घरातला मिक्सर नीट लावता येत नाही, साहेब.”

“हुशार आहात म्हणून पास झालात. त्यात पेपरचा काय दोष?”

हे कौतुक होतं, का गप्प बसवणं? तिनं ठरवलं, की गप्प बसवणं. तिचं डोकं भणभणलं. बाहेरच्या कोणाला पेपर सोडवायला द्यावा, तर छापण्याआधी तो दुसऱ्या कोणाला दाखवता येत नाही. नियमच तसा. खोलीत माणसं तीन. एकानं पेपर काढलेला, एकीनं वाचलेला. उरले साहेब. साहेब हिशेब खात्यातून बढती मिळून इथे आलेले. गाडीसुद्धा ड्रायव्हर चालवायचा.

“मग तुम्ही सोडवा,” ती म्हणाली.

“मी?”

“तुम्ही नापास झालात तर मी लगेच सही करते. एक अवाक्षर काढणार नाही.”

साहेबांना ही ऑफर आवडली. नापास होणं किती सोपं आहे, असा त्यांचा समज होता. त्यांनी चहा मागवला, पेन्सिल घेतली आणि बसले. सुरुवातीला हसत होते. थोड्या वेळानं हसणं थांबलं आणि गडी रंगात आला. पेन्सिल धावायला लागली. मधूनच ‘हं, हे कळलं’ असं स्वतःशी म्हणत. उस्ताद खिडकीशी उभे राहून घड्याळाकडे पाहत होते.

पेपर उस्तादांनीच तपासला, स्वतःच्या सूचीवरून. शेवटच्या पानावर आले, पुन्हा पहिल्या पानावर गेले, पुन्हा मोजलं.

“किती?” साहेबांनी विचारलं.

“सव्वीस. पास व्हायला चोवीस लागतात.”

साहेबांनी टेबलावर हात आपटला. “बघा. मी कधी क्रेनजवळसुद्धा गेलेलो नाही.”

“तेच म्हणतेय मी,” शंकाताई म्हणाली. पण तिच्याकडे कोणाचं लक्ष होतं? साहेबांना वाटत होतं, आपल्यात एक क्रेनचालक लपला होता आणि हिशेब खात्यानं त्याचं वाटोळं केलं.

“नवव्याला साखळी कशी लिहिलीत?” उस्तादांनी विचारलं. आवाज बदलला होता.

“सोपंय. ‘भार अडकवण्यापूर्वी सर्वप्रथम कोणती तपासावी?’ हुक, दोर, साखळी, पट्टा. कोणती म्हटल्यावर साखळीच की. बाकीचे कोणता.”

“आणि वारा वाढल्यावर काम थांबवावं, हे?”

“ते तुम्हीच पुढे सांगितलंय. तिसाव्या प्रश्नात. ‘वारा वाढल्यामुळे काम थांबवल्यानंतर चालकाने काय करावे?’ मी मागे जाऊन लिहून आलो.”

“बाकीचे?”

“सगळ्यात लांब पर्याय निवडायचा. तुम्ही बरोबर उत्तर फार काळजीनं लिहिता, उस्ताद. चुकीची आपली दोन शब्दांत उरकलेली. आणि जिथे ‘नेहमी’ नाहीतर ‘कधीच नाही’ आलं, ते मी सरळ सोडून दिलं.”

आपण किती चतुर आहोत हे साहेब सांगत होते आणि उस्तादांचा चेहरा उतरत होता. शंकाताई दुपारभर जे सांगत होती, ते साहेबांनी एका दमात, वर फुशारकी मारून सांगितलं होतं. तिला हसावं का रडावं कळेना. बायकांनी सांगितलेलं कानामागे जातं आणि तेच पुरुष चुकून बोलला की सिद्धांत होतो, असं तिची आई म्हणायची.

उस्तादांनी पेपर टेबलावर ठेवला. “साहेब, राग मानू नका. तुमच्या हातात मी क्रेनची दांडी सोडा, सायकलचं हँडलही देणार नाही.”

“अहो पण सव्वीस…”

“म्हणूनच.” मग ते शंकाताईकडे वळले. इतक्या वेळात पहिल्यांदा त्यांनी ‘बाई’ म्हटलं नाही. “ताई, बसा. कुठून सुरू करायचं?”

सुरू केलं खरं, पण उस्तादांबरोबर प्रश्न दुरुस्त करणं म्हणजे हट्टी मुलाला आंघोळ घालणं. त्यांना चुकीचे पर्याय लिहायला जिवावर येई. “खोटं कशाला एवढं सजवून लिहायचं?” ती म्हणायची, “ज्याला येत नाही त्यालाही ते खरं वाटलं पाहिजे म्हणून.” नवव्या प्रश्नात ‘काय तपासावे’ झालं. वाऱ्याचा तिसावा प्रश्न काढून तिथे दुसराच आला. सगळे पर्याय एका मापाचे करता करता उस्तादांनी दोनदा पेन फेकलं. एकदा तर ‘हे करू नये असे नाही’ असं पुन्हा लिहून ठेवलं. तिनं नुसतं पाहिलं. त्यांनी स्वतःच खोडलं.

ऑफिस सुटायच्या सुमाराला नवा संच तयार झाला. तिनं तो पुन्हा साहेबांपुढे ठेवला. साहेब बाह्या सरसावून बसले. या वेळी पेन्सिल धावली नाही. कान खाजवले, पानं उलटसुलट केली, चहा गार झाला.

तेरा.

“हा फार अवघड झालाय,” साहेब म्हणाले. “लोक बोंबलतील.”

“ज्यांना येतं त्यांना सोपा झालाय,” उस्ताद म्हणाले. “सतरावा आता माझा कुठलाही पोरगा झोपेत सोडवील.”

शंकाताईनं शेवटच्या पानावर सही केली. साहेबांनी पाकीट बंद केलं, लाख लावली, आणि हळूच विचारलं, “ताई, पुन्हा परीक्षेला बसता येतं ना?”

“येतं. आधी शिकावं लागतं.”

घरी जाताना भावाचा फोन आला. मागे बांधकामावरचे आवाज, कोणीतरी ‘जपून, जपून’ ओरडत होतं.

“ताई, आवाज का असा? दमलीस?”

“एका माणसाला नापास केलं आज. दुपार गेली.”

“बिचारा. कोण होता?”

“आमचे साहेब,” ती म्हणाली. “तू आधी त्या मोळीखालून बाजूला हो, मग सांगते.”