माझाच कापलेला प्रश्न

मुलाखत वाचणाऱ्याला मुलाखत घेणारा दिसता कामा नये, असं मी वीस वर्षं नव्या वार्ताहरांना ऐकवत आले. प्रश्न छोटा ठेवा, आपली अक्कल पाजळू नका, मधली ‘म्हणजे काय?’, ‘असं का?’ ही बडबड सगळ्यात आधी उडवा. गोंदियातल्या आमच्या छोट्या कार्यालयात रविवारचं आरोग्याचं पान माझ्याकडे आहे, आणि कात्री चालवण्यात माझा हात कोणी धरू शकत नाही, असा माझा समज होता.

सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजारावर काम करणाऱ्या डॉक्टरांची मुलाखत घ्यायला मी त्यांच्या दवाखान्यात गेले, तेव्हा ते जवळजवळ दोन तास बोलले. मधे पेशंट, मधे फोन, मधे चहा. अर्धं मराठी, अर्धं हिंदी. एकच मुद्दा तीनदा यायचा आणि तिन्ही वेळा वेगळ्या बाजूनं. फोनवरच्या ॲपनं त्या सरमिसळीचं जे काही लिहून दिलं, ते वाचून हसावं की रडावं कळेना. शेवटी कानात इअरफोन घालून सगळं हातानं टाइप केलं. दहा हजार शब्द झाले. पानावर जागा नऊशेची.

मग नेहमीचं काम. सारख्या विषयाची उत्तरं एका ठिकाणी आणली. तीनदा सांगितलेल्यातलं सगळ्यात नेमकं ठेवलं. उत्तरं हलली तसे प्रश्नही थोडे बदलले, पण डॉक्टरांच्या तोंडी त्यांनी न बोललेला शब्द घातला नाही. मसुदा त्यांना पाठवला. त्यांनी दोन ठिकाणी दुरुस्त्या सांगितल्या आणि लिहिलं, ‘अब ठीक है.’ पान लावायला गेलं.

शनिवारी दुपारी जाहिरात आली. पान लावणारा म्हणाला, “मॅडम, चाळीसेक शब्द काढावे लागतील, आत्ताच.”

लग्नाच्या प्रश्नाचं उत्तर सगळ्यात लांब होतं. डॉक्टर म्हणाले होते, “वाहकाचं लग्न ठरवताना घाई करू नका. आधी दोघांचीही तपासणी करा, विचार करा. पुढच्या पिढीत हा आजार येऊ शकतो.” त्यावर मी मधेच विचारलं होतं, “म्हणजे वाहक मुलीनं लग्नच करायचं नाही का?” ते हसले होते. “अहो, असं कोण म्हणतंय? समोरच्याची तपासणी नॉर्मल असली, तर मुलांना हा आजार होत नाही. फार तर मुलं वाहक होतील, आणि वाहक म्हणजे आजारी नव्हे. दोघंही वाहक असतील, तिथे खरी अडचण.”

माझा प्रश्न मला वाचायला बावळट वाटला. इतक्या वर्षांची बाई आणि असं विचारते! तो उडवला, की त्याला चिकटलेलं उत्तरही जाणार होतं. वर ‘दोघांचीही तपासणी’ असं आलंच आहे, वाचक शहाणा असतो, असं मी स्वतःला समजावलं आणि दोन्ही काढलं. डॉक्टरांना पुन्हा पाठवायला वेळ नव्हता. खरं सांगायचं तर वेळ पाच मिनिटांचाच लागला असता. पान सुटसुटीत दिसलं आणि मी खूश होऊन घरी गेले.

बुधवारी तिरोड्याकडच्या एका गावातले काका आले. पन्नाशीचे, धानाच्या बांधीतून थेट उठून आल्यासारखे चिखलाचे पाय. हातात आमचं पान, घडीवर घडी घातलेलं. मी खुर्ची दिली, ते बसले नाहीत.

“हे तुमीच लिवलं का जी?”

मी हो म्हटलं.

“माह्या पोरीचं लगन जुळलं होतं. तिच्याजवळ पिवळं कार्ड हाये, वाहकाचं. तिनं सोता सांगतलं त्याहिले, पायले आले तवाच. पोरानं टेस्ट केली, त्याची चांगली निघाली. सारं ठरलं. आता पोराचा मामा हा पेपर घेऊन फिरून रायला. म्हणते, डाक्टर सांगते, पुढच्या पिढीत येते.”

त्यांनी आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं. पानातून काय गळलं होतं, ते मला न वाचताच ठाऊक होतं.

मी त्याच दिवशी त्यांच्याबरोबर मुलाच्या गावी गेले. आधी डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, “मला दाखवलेल्या मसुद्यात हे होतं.” मी म्हटलं, होतं. त्यांनी मामांशी बोलायची तयारी दाखवली. ते बोललेही, दहा मिनिटं, समजावून, शांतपणे. मी मुलाखतीचं ध्वनिमुद्रण ऐकवलं. माझा आवाज, त्यांचं हसणं, ते उत्तर.

मामा नीट ऐकून घेऊन म्हणाले, “बरोबर असन. पण मंग पेपरात काऊन नाही? आता तुमी पोरीच्या बापासंगं आल्या, तर असंच सांगसाल.”

मुलगा दाराशी उभा होता, तो आत निघून गेला. त्याचा मला फार राग आला, आणि तो राग काढायचा मला हक्क नाही, हेही कळत होतं.

पुढच्या रविवारी मी भांडून त्याच पानावर, त्याच जागी, चौकटीत दुरुस्ती छापली. गाळलेला प्रश्न, गाळलेलं उत्तर आणि चूक आमची असल्याचं एक वाक्य. बैल गेला अन् झोपा केला. तोवर त्या मुलाला दुसरीकडचं स्थळ दाखवून झालं होतं.

चौकटीची कात्रणं घेऊन मी काकांच्या घरी गेले. आणखी कोणी हा विषय काढला तर दाखवायला होतील म्हणून. मुलगी तिथेच शाळेत शिकवते, नुकतीच घरी आली होती. तिनं पाणी आणून दिलं आणि समोर बसून चौकट वाचली. सावकाश वाचली, मुलांच्या वह्या तपासाव्यात तशी.

“हा प्रश्न तुम्हीच विचारला होता?”

“हो.”

“मग काढला कायले?”

जाहिरातीचं सांगता आलं असतं. जागेचं, वेळेचं. जिभेवर आलंही होतं.

“बावळट वाटला,” मी म्हटलं.

तिनं कात्रणाची घडी घातली.

“कॉलेजात तपासणी झाली, कार्ड हातात आलं, तवा मले हाच प्रश्न पडला होता, मॅडम,” ती म्हणाली. “विचारायची लाज वाटली. दोन वर्षं कोणालेच विचारला नाही.”