दोनशे ऐंशी अक्षरांत बसवलेली भावकी

लातूरच्या ज्या भागात शिकवणीचे क्लास एकमेकांना खेटून उभे आहेत, तिथे एका झेरॉक्सच्या दुकानावर आमचं ऑफिस होतं. दोन खोल्या, तीन कॉम्प्युटर. मी मूळची नांदेडची. काम काय करतेस असं कुणी विचारलं की मी सांगायचे, लोकांचं लिहिणं कापते. माझ्या आईला वाटायचं, मी शिवणकाम करते. मी तो गैरसमज दूर केला नाही, कारण खरं काम समजावणं त्याहून अवघड होतं.

काम असं होतं. गिऱ्हाईक पानभर मजकूर आणायचं. तो तीन ॲपवर टाकायचा. त्यातल्या एकावर दोनशे ऐंशी अक्षरांच्या पुढे फुकटात जाता येत नाही. फोटोंच्या ॲपवर दोन हजारांच्या वर चालतात, पण पहिल्या शंभर-सव्वाशे अक्षरांनंतर घडी पडते आणि ती उघडायचे कष्ट कुणी घेत नाही. म्हणून कितीही कापा, तीन गोष्टी वाचवायच्या: वाचणाऱ्याला थांबवणारी पहिली ओळ, म्हणजे हुक, शोधणाऱ्याला सापडावा म्हणून हॅशटॅग, आणि शेवटी, आता काय करायचं ते. फोन करा, या, मेसेज टाका, काहीही, पण सांगायचं.

एका उन्हाळ्याच्या शेवटी भोकरकडच्या एक ताई आल्या. मुलगी इथे क्लासला होती. तिच्यासोबत राहता यावं म्हणून ताईंनी एक मोठी खोली घेऊन मुलींसाठी मेस काढली होती. सोबत त्यांचे थोरले दीर होते. पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं. बोलायचं काम त्यांनी स्वतःकडे घेतलं.

"म्हैन्याच्या आखरीपर्यंत पंधरा पोरी जेवायला लागल्या तर मेस ठेवू," ते म्हणाले. "न्हाईतर खोली सोडायची. मायलेकी दोघी गावाकडं."

दीरांनी वहीची दोन पानं माझ्यापुढे ठेवली. वर दोन उभ्या रेघांत श्री, खाली 'आमचे येथे श्रीकृपेकरून', त्याखाली एकोणीस नावं, सगळ्यांच्या आधी श्री. आणि मागे राव, शेवटी 'व समस्त भावकी'. हॅशटॅग म्हणून 'आमची मेस लातूर' असं तीन शब्दांत लिहिलं होतं. जेवणाचा उल्लेख दुसऱ्या पानाच्या तळाशी होता. तो वाचेपर्यंत मला भूक लागली.

मी सगळं टाइप केलं. कोपऱ्यातला आकडा लाल झाला आणि उणे नऊशेच्या पुढे गेला.

"हे उणे काय हाय?"

"एवढं कापायचंय, काका."

मी त्यांना मोजणी समजावली. हॅशटॅगमध्ये जागा सोडली तर पहिलाच शब्द धरला जातो, म्हणून शब्द चिकटवायचे. आणि काना-मात्रासुद्धा वेगळं अक्षर धरतात. 'श्री.' आपल्याला एक दिसतं, मशीनला पाच दिसतात. एकोणीस श्री. म्हणजे स्पेससकट एकशे चौदा.

त्यांनी पडद्यावरचे एकोणीस श्री. बोटाने मोजून पाहिले. "वरचं देवाचं काढा," ते म्हणाले. "देव समजून घेतो. भावकी न्हाई."

त्यानंतर दोन तास आम्ही माणसं कापली. सातव्या नावाचं आणि नवव्याचं बांधावरून भांडण, म्हणून एक काढलं तर दुसरंही काढावं लागलं. हिमायतनगरचे मामा, जावई रुसेल म्हणून, यादीत राहिले. धर्माबादचे एक आडत्या गृहस्थ 'हाव, त्यांना फोन करून इचारतो' म्हणून फोनवर विचारून काढले गेले, आणि पाच मिनिटांनी त्यांचाच फोन येऊन परत घातले गेले. अकरा नावं उरली. श्री. काढायला मात्र ते तयार नव्हते. म्हणाले, भर चौकात माणसाची टोपी काढल्यासारखं होतंय ते.

तरीही बसेना. मग त्यांनी मी वर घातलेली हुकची ओळ उडवली. "थांबवायचं कशाला पोरींना? जेवायला बोलवून राहिलो न्हवं आपण?" अजून बावीस अक्षरं जास्त होती. त्यांनी फोन नंबरावर बोट ठेवलं.

"काका, तो गेला तर मुली येतील कशा?"

"लग्नाच्या पत्रिकेत नंबर बघून येतं का कुनी? नाव बघितलं की घर समजतं."

"मग निदान फोटोंच्या ॲपवर नंबर ठेवू. तिथे जागा आहे."

"न्हाई. सगळीकडं सारखंच. एकीकडं एक अन् दुसरीकडं दुसरं दिसलं तर लई बोभाटा होतो."

मी ताईंकडे पाहिलं. त्या फरशीकडे पाहत होत्या. गिऱ्हाइकाची मर्जी, असं स्वतःला सांगून मी बटण दाबलं. बरोबर दोनशे ऐंशी. त्यांनी माझी पाठ थोपटली आणि मला, खोटं कशाला सांगू, बरंही वाटलं.

पोस्ट खूप चालली. 'हार्दिक शुभेच्छा', हात जोडलेले, फुलं, पुन्हा शुभेच्छा. सगळे भावकीतले. पत्रिकेत नाव आलं की हजर राहावंच लागतं, त्यामुळे मेसच्या शुभारंभाच्या दुपारी अकराच्या अकरा माणसं जीप करून लातूरला आली. मीही गेले होते. खोलीत सतरंजीवर अकरा टोप्या, पंगत रंगलेली, आग्रह चाललेला. दारात तीन मुली आल्या, आत डोकावल्या, आणि हे कुणाचं तरी तेरावं असेल असं समजून चपला न काढताच परत फिरल्या. ताई परातीत पीठ मळता मळता ते बघत होत्या. मला हसू येत होतं आणि त्याच वेळी स्वतःची लाजही वाटत होती, कारण कापायची अक्कल माझी होती आणि मी ती वापरली नव्हती.

आठ दिवस उरले तेव्हा ताई एकट्या ऑफिसात आल्या.

"सगळी नावं काढा," त्या म्हणाल्या. "माझं बी काढा."

"मग काय ठेवू?"

"पोरीला रोज जे म्हणते ते." आणि त्यांनी उभ्याउभ्या सांगितलं. मी फक्त टाइप केलं: 'उपाशीपोटी पाठांतर होत नाही, पोरींनो. ज्वारीची गरम भाकर, रोज वेगळी भाजी. एकदा फुकट जेवून बघा, मग ठरवा. आजच फोन करा:' पुढे नंबर, शेवटी #लातूरमेस. एकशे पस्तीस. इतकी वर्षं कापतेय, पण ज्यातलं एक अक्षर कापावंसं वाटलं नाही असा मजकूर मला तोच भेटला.

महिन्याच्या शेवटच्या दिवशी दीर ऑफिसात आले. खाली जीप उभी होती, सामान बांधायला दोर आणला होता. मी पोस्ट दाखवली. त्यांनी नावं शोधली, वर गेले, खाली आले.

"अर्धी जागा रिकामीच ठेवली की," ते म्हणाले. मग नंबराकडे बघून म्हणाले, "लावून बघू का? लागतो तरी का बघतो." स्वतःच्या मोबाईलवरून नाही, ऑफिसच्या फोनवरून लावला. मी स्पीकर सुरू केला.

पलीकडे ताटांचा आवाज आणि पोरींचा गलका होता. "मेस," ताई म्हणाल्या. "बोला."

काकांनी आवाज जरा बदलला. "एका ताटाची जागा हाय का?"

"न्हाई, काका. फकस्त पोरींसाठी हाय. अन् जागा भरली समदी. पुढच्या म्हैन्यात बघा." आणि घाईघाईने त्यांनी फोन ठेवला.

काकांनी रिसीव्हर जागेवर ठेवला. घरात इतकी वर्षं या बाईने त्यांना नाही म्हटलेलं नव्हतं. मग ते उठले, खाली गेले आणि जीपवाल्याला म्हणाले, "चल, भोकरला. सामान न्यायचं न्हाई."