मानेतल्या काळ्या रेघा

आमच्या मॅडमना छातीच्या एक्स-रेवरचा पांढरा डाग आधी सांगितलेला खपत नसे. फिल्म वाचायची ती श्वासनलिकेपासून, आणि थांबायचं ते कातडीपाशी. वाटेत काय दिसलं ते सांगा, पण थांबू नका. "पहला जवाब मिला और दिमाग सो गया," असं त्या भर राउंडमध्ये सगळ्यांदेखत म्हणायच्या. मी दिल्लीच्या त्या सरकारी रुग्णालयात ज्युनियर डॉक्टर होते, मुनिरक्यातल्या भाड्याच्या खोलीत राहायचे आणि मॅडमना आजारापेक्षा जास्त घाबरायचे.

त्या सकाळी वॉर्डात मयूर विहारचे एक काका आले. केंद्र सरकारच्या नोकरीतून निवृत्त झालेले. आदल्या दिवशी लग्नाचं जेवण अंगावर आलं, खूप उलट्या झाल्या आणि मग छातीत दुखायला लागलं. थोडा ताप, धाप. खालच्या कॅज्युअल्टीतून कागदावर 'न्यूमोनिया' लिहून आला होता. मी मराठी आहे हे कळताच सोबतच्या काकूंचा चेहरा खुलला. "बरं झालं गं, घरचं माणूस भेटलं. यांना घोटभर चहा देऊ का? थर्मास आणलाय."

"थांबा काकू, आधी फोटो बघून येते," मी म्हटलं. ते काही शहाणपण नव्हतं. मॅडम कॉम्प्युटरपाशी उभ्या राहून मलाच हाक मारत होत्या.

फिल्म उघडली आणि डावीकडे खाली पांढरं दिसलं. न्यूमोनिया! मला हायसं वाटलं. मॅडमनी फक्त भुवया उंचावल्या. मी निमूट सुरुवातीला गेले.

नाव बरोबर, डावी-उजवी खूण बरोबर, फोटो उभ्याने काढलेला. दोन्ही कॉलरबोन मणक्यापासून सारख्या अंतरावर, म्हणजे काका तिरके नव्हते. श्वासनलिका मधोमध. मग फुप्फुसं, वरून खाली, दर टप्प्याला उजवं-डावं ताडून. डावीकडे तळाशी पांढरं. हृदयाचा आकार ठीक. छाती-पोटामधल्या पडद्याची उजवी कमान स्वच्छ, खाली मोकळी हवा नाही. डावा कोपरा बुजलेला, तिथे पाणी असावं. फासळ्या, खांदे, कॉलरबोन सगळं शाबूत.

"और?"

"बस, मॅम."

"बस नहीं होता. खाल तक जाओ."

माझी नजर कडेच्या कातडीवरून वर मानेवर गेली. कॉलरबोनच्या वर, जिथे मांसाचा सलग करडा रंग हवा, तिथे बारीक काळ्या रेघा होत्या. काळं म्हणजे हवा. मानेच्या मांसात हवा कुठून येणार? मी परत मागे हृदयापाशी गेले. डाव्या कडेला लागून एक केसाएवढी काळी रेघ उभी होती, मघाशी मी तिच्यावरूनच पुढे गेले होते.

"उल्टी पहले या दर्द पहले?" मॅडमनी विचारलं. त्यांचा आवाज एकदम खाली आला होता आणि त्याचीच मला जास्त भीती वाटली.

"उल्टी, मॅम."

उलट्यांच्या जोराने अन्ननलिका फाटली असेल, तर तिथून हवा छातीच्या मधल्या भागात शिरते आणि वर मानेत चढते. जे गिळाल ते छातीत सांडतं. मला थर्मास आठवला.

मी धावले. वॉर्ड लांबलचक आणि मधे सलाइनचे स्टँड, नातेवाईक, पिशव्या. काकूंनी झाकणात चहा ओतला होता, काकांनी तो ओठांपर्यंत नेला होता. "नका पिऊ!" मी ओरडले. सगळा वॉर्ड बघायला लागला. झाकण हिसकताना चहा माझ्या हातावर सांडला.

"अगं, काय झालं?" काकू घाबरून म्हणाल्या. मी काकांच्या मानेवर बोटं दाबली. कातडीखाली चुरमुरे चुरडल्यासारखं कुरकुरलं.

पुढचं सगळं मॅडमनी केलं. तोंडाने थेंबही नाही, शिरेतून अँटिबायोटिक, सीटी, सर्जनला फोन. सीटीत फाटलेली जागा दिसली आणि संध्याकाळच्या आत काका ऑपरेशनला गेले. मी बाहेर काकूंजवळ बसले. "वाचतील ना गं?" त्या विचारत होत्या आणि मला खोटं बोलता येत नव्हतं. "वेळेत सापडलंय," एवढंच मी पुन्हा पुन्हा म्हणत राहिले, त्यांच्याइतकंच स्वतःलाही.

काका बरेच दिवस नळ्यांत राहिले. शेवटी एक्स-रेत दिसणारं औषध गिळायला लावून फोटो काढला, गळती नव्हती. पाणी द्यायला हरकत नाही, असं सर्जन म्हणाले. काकूंनी चमचा माझ्या हातात दिला. "तूच दे. मला धीर होत नाही."

धीर मला तरी कुठे होता! मी चमचा काकांच्या ओठांशी नेला, दुसऱ्या हाताची बोटं मानेवर टेकवली. काकांनी गिळलं. मी श्वास रोखून वाट बघितली. कातडी मऊ होती, काही कुरकुरलं नाही.

"हात किती गार आहेत तुझे," काका म्हणाले. "अजून एक चमचा दे."